पतंगाची दोरी आणि लंगरची भांडी: नवख्यासाठी सिमरन आणि सेवा

मी नांदेडला औषधाचं दुकान चालवतो. मी शीख नाही, घरात विठोबा आहे आणि आषाढीचा उपवास आहे. पण गेली काही वर्षं रविवारी संध्याकाळी दुकान धाकट्या भावावर सोपवून मी गुरुद्वाऱ्यात लंगरच्या, म्हणजे सगळ्यांसाठीच्या मोफत जेवणाच्या सेवेला जातो. त्यामुळे ओळखीतलं कोणी ना कोणी काउंटरवर टेकून विचारतं, "अहो, ते सिमरन म्हणजे नक्की काय करायचं? आणि सेवेसाठी कोणाला विचारायचं, की आपलं जाऊन उभं राहायचं?" तोंडी सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतो. थोडक्यात, सिमरन म्हणजे नामस्मरण आणि सेवा म्हणजे मोबदला न घेता केलेलं काम.

सुरुवात आपल्याच माणसापासून करतो, कारण या विषयाची किल्ली त्याच्याकडे आहे. गुरू ग्रंथ साहिबात संत नामदेवांची 61 पदं आहेत. शिवाय कबीरांच्या श्लोकांत नामदेव आणि त्रिलोचन यांचा एक छोटा संवाद येतो. त्रिलोचन मित्राला टोकतात: नामा, तू मायेत गुंतलास. हे कापड छापत काय बसलास, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवांचं उत्तर असं आहे:

नामा कहै तिलोचना मुख ते रामु सम्हालि ॥
हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि ॥

तोंडाने राम सांभाळ, हातपायांनी सगळं काम कर, आणि चित्त निरंजनापाशी ठेव. काम सोडून नाम घे, असं इथे म्हटलेलं नाही. काम उरकून मग नाम घे, असंही नाही. शिखांमध्ये तीन गोष्टी एका दमात सांगतात: नाम जपो, किरत करो, वंड छको. म्हणजे नाम घ्या, कष्टाची कमाई करा आणि वाटून खा. नवखा माणूस या तीन गोष्टींचे तीन कप्पे करतो. पहाटेचा जप एका कप्प्यात, नोकरी दुसऱ्यात आणि रविवारची सेवा तिसऱ्यात. मीही तेच केलं होतं. हे कप्पे मोडायचे कसे, एवढंच या लेखात आहे.

पहिलं पाऊल: पहाटेची दहा मिनिटं

शीख रहत मर्यादा ही शिखांची आचारसंहिता 1945 साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने मंजूर केली. तिच्यात रोजच्या दिवसाची सुरुवात सरळ सांगितली आहे: रात्रीचा शेवटचा प्रहर उरला असताना उठावं, स्नान करावं आणि एका अकाल पुरखाचं, म्हणजे कालातीत परमेश्वराचं ध्यान करत 'वाहेगुरू' हे नाम जपावं. या वेळेला अमृतवेला म्हणतात. त्यानंतर नितनेम, म्हणजे नेमाचा पाठ. सकाळी जपुजी, जाप साहिब आणि सवैये, संध्याकाळी रहिरास, झोपताना सोहिला.

हे सगळं पहिल्या दिवशी अंगावर घेऊ नका. रात्री साडेदहाला शटर ओढणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी तीनला उठायचं ठरवलं, तर चौथ्या दिवशी तो सातपर्यंत झोपतो आणि सगळंच सोडून देतो. माझा पहिला महिना साडेपाचचा होता. अंघोळ जमली तर उत्तम, नाहीतर निदान हात, पाय, तोंड धुवायचं. डोक्यावर रुमाल बांधायचा. सतरंजीवर मांडी घालून बसायचं, दिशा कुठलीही चालते. समोर फोटो नको, समई नको. आपल्याला समोर काही नसलं की चुकल्यासारखं वाटतं, ते दोन आठवड्यांत जातं.

आधी मूलमंत्र सावकाश पाच वेळा म्हणा: इक ओंकार, सतिनामु, करता पुरखु, निरभउ, निरवैरु, अकाल मूरति, अजूनी, सैभं, गुर प्रसादि. देवनागरी गुटक्यातून, म्हणजे पाठाच्या छोट्या पोथीतून वाचणाऱ्या मराठी माणसाची इथे एक हमखास चूक होते. शब्दांच्या शेवटी छापलेले ऱ्हस्व इकार-उकार बहुतेक ठिकाणी उच्चारायचे नसतात, ते व्याकरणाची खूण म्हणून असतात. 'सतिनामु' लिहिलेलं असतं आणि म्हणतात 'सतनाम'. 'पुरखु' म्हणताना 'पुरख'. आपण प्रत्येक अक्षर ठासून म्हणतो आणि शेजारी बसलेले बाबाजी गालात हसतात. गुरुद्वाऱ्यात पाठ चालू असताना दोन-तीन वेळा बसून कान द्या, म्हणजे हे आपोआप सुधारतं. गुटका स्वच्छ कापडात गुंडाळून उंचावर ठेवायचा आणि हात धुऊन उघडायचा, एवढी शिस्त पहिल्या दिवसापासून पाळा.

मग 'वाहेगुरू'. पहिली तीन-चार मिनिटं स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात, नंतर ओठांतल्या ओठांत, शेवटची दोन-तीन मिनिटं मनात. बरेच जण श्वास घेताना 'वाहे' आणि सोडताना 'गुरू' असं बसवतात. ते जमलं तर ठीक, दम कोंडून जमवू नका. खरं काम जिभेचं नाही, कानाचं आहे. आपण म्हटलेला शब्द आपणच ऐकतो आहोत की नाही, एवढंच बघायचं.

बिघडलं की ते शब्दावरूनच कळतं. घाई झाली की 'वाहेगुरू'चं 'वाग्रू' होतं आणि मग 'वाग्रू वाग्रू'ची गाडी आपोआप धावते. आपण मात्र आज कोणत्या कंपनीचा माल यायचाय या विचारात असतो. असं झालं की पुन्हा मोठ्याने सुरू करा. झोप येत असेल तर उभे राहा. माळ घेणारे घेतात, पण नवख्याने पहिले काही महिने आकडा मोजू नये असं माझं मत आहे. मोजायला लागलो की संध्याकाळी कोणाला तरी सांगावंसं वाटतं.

दुसरं पाऊल: दिवसातलं एकच काम निवडा

बसलेल्या दहा मिनिटांतून उठताना मी एक छोटी गोष्ट करायला शिकलो. आज नाम कोणत्या कामाला जोडायचं, ते तिथेच ठरवायचं. सगळ्या दिवसाला नाही, एकाच कामाला. काम असं हवं की हात चालू राहतील, पण बोलावं लागणार नाही आणि हिशोबही नसेल. भाजी चिरणं, इस्त्री करणं, अंगण झाडणं. माझं काम होतं सकाळी दुकानाची झाडलोट आणि आलेल्या बाटल्या फळीवर लावणं.

केरसुणीच्या प्रत्येक फटकाऱ्याला एक 'वाहेगुरू'. प्रत्येक बाटलीला एक. पंधरा मिनिटांचं काम. हे करताना चित्त सुटणारच. सुटल्याचं लक्षात आलं की चुकचुकायचं नाही, पुढच्या फटकाऱ्याबरोबर परत यायचं.

मराठी वाचकाला यात नवीन काही वाटणार नाही. दळिता कांडिता अनंताला गाणारी जनाबाई आपल्या घरचीच. जात्याच्या खुंट्याला धरून आपल्या आज्या-पणज्या ओवी म्हणत, ती दळणाला अडथळा म्हणून नव्हे. हात एका लयीत पडला की ओठही तीच लय धरतात. त्यामुळे सुरुवात लयीच्या कामापासून करावी.

पंधरा दिवसांनी एक गोष्ट तपासा: काम पूर्वीपेक्षा नीट होतंय की ढिसाळ? नामात गुंग होऊन कोपऱ्यातला केर राहत असेल, तर ते सिमरन नाही, ती डुलकी आहे. गुरू नानक आयुष्याची शेवटची वर्षं कर्तारपूरला राहिले आणि तिथे त्यांनी शेती केली. त्यांच्या एका पदात मन हा नांगऱ्या आहे, देह शेत आहे, नाम बियाणं आहे आणि संतोष म्हणजे ढेकळं फोडून जमीन सपाट करणारी फळी. शेतकऱ्याने मनातलं बियाणं पेरताना शेतातली पेरणी वाकडी करावी, असं त्यात कुठेच नाही.

तिसरं पाऊल: लंगरमध्ये

रहत मर्यादेत सेवेबद्दल एक मुद्दा आहे, तो मला फार पटतो. गुरुद्वारा ही सेवा शिकण्याची जागा आहे, असं तिथे म्हटलंय. नमुन्यादाखल कामंही दिली आहेत: झाडणं, सारवणं, संगतीला पाणी देणं आणि पंख्याने वारा घालणं, लंगरमध्ये काम करणं, जोडे झाडणं. म्हणजे इथे हात बसवून घ्यायचा आणि मग तीच सवय बाहेर न्यायची. रविवारी दोन तास भांडी घासून घरी आल्यावर स्वतःचं ताट तसंच सोडून उठणारा माणूस शाळेत जाऊन पाटी कोरीच घेऊन आला, असं समजावं.

जाताना काय करायचं, ते क्रमाने सांगतो. घरून निघतानाच तंबाखूची पुडी, गुटखा, सिगारेट, लायटर खिशातून काढून ठेवा. आपल्याकडे पुडी खिशात असते हेच माणूस विसरतो, आणि शिखांमध्ये तंबाखूला सक्त मनाई आहे. रुमाल नसेल तर दाराशी मिळतो. जोडे जोडाघरात द्या आणि टोकन सांभाळा. हात-पाय धुवा. आत गुरू ग्रंथ साहिबांपुढे माथा टेका, थोडा वेळ मागे संगतीत बसा. कडाह प्रशाद, म्हणजे प्रसादाचा शिरा, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. नंतर पंगतीत बसून आधी स्वतः जेवा. पहिल्याच दिवशी न जेवता थेट सेवेला धावू नका. पोळी दोन्ही तळव्यांवर घ्यायची असते, वाढणारा ती वरून सोडतो. तिला इथे परशादा म्हणतात आणि मिठाला रामरस. आपण 'मीठ द्या' म्हटलं तरी कोणी रागावत नाही.

जेवण झालं की समोरच्या सेवादाराला विचारा, "वीरजी, कोई सेवा?" बाई असतील तर 'भैणजी'. नांदेडात मराठीतही चालतं. तो जिथे दाखवेल तिथे जायचं. माझा सल्ला असा की पहिल्या दोन-तीन वेळा भांडीच मागावी. वाढायला नवखा उभा राहिला की तो माणसांचे चेहरे बघत राहतो, कोणाला जास्त, कोणाला कमी. तव्यावर गेला की पोळी जाळतो. भांड्यांपाशी मात्र बिघडण्यासारखं काही नाही.

भांड्यांची रांग जवळपास सगळीकडे सारखीच असते. ताट आलं की उरलंसुरलं पिंपात झटकायचं. मग साबणाच्या पाण्याचा हौद, मग साध्या पाण्याचा एक किंवा दोन, मग पालथं घालून रचायचं. नवख्याला बहुधा पहिल्या हौदाशी उभं करतात. स्टीलची खणाची ताटं एकमेकांवर आदळून एवढा आवाज होतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथे कसलं सिमरन. मग लक्षात आलं की त्या गोंगाटात कोणीतरी 'सतनाम श्री वाहेगुरू' असं सुरू केलंय आणि रांगेतून तो सूर हळूहळू पसरतोय. माझ्या डावीकडच्या बाई, वय सत्तरच्या पुढे, ताटाच्या प्रत्येक खणाला एक वळसा आणि एक 'वाहेगुरू' असं लावत होत्या. माझी तीन ताटं होईपर्यंत त्यांची पाच होत. मी जोर लावायचो. त्यांनी न बघताच म्हटलं, "बेटा, जोर कमी कर. ताट स्वच्छ करायचंय, घासून पातळ नाही करायचंय."

तिथे एक फरक हाताला कळतो. घरी केर काढताना नाम घेतो, तेव्हा फळ माझंच असतं, माझं दुकान झाडलं जातं. इथलं ताट कोणाचं आहे ते मला ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. सुखमनी साहिबात ओळ आहे: 'सेवा करत होइ निहकामी ॥ तिस कउ होत परापति सुआमी ॥' सेवा करताना जो निष्काम होतो, त्याला स्वामी मिळतो. खरकट्या ताटाला मालक नसतो, म्हणून ती निष्काम व्हायला सगळ्यात सोपी जागा आहे.

पुढे परशाद्यांवर बसाल तेव्हा गोळे सारख्या आकाराचे करा, लिंबापेक्षा थोडे मोठे. लहान-मोठे झाले की मोठ्या तव्यावर काही करपतात, काही कच्च्या राहतात, आणि तव्यावरच्याला एकेकीकडे बघत बसावं लागतं. करताना चव बघायची नाही, डोकं झाकलेलं ठेवायचं. वाढायला गेलात तर पंगतीच्या एका टोकापासून धरून कोणालाही न वगळता जायचं, कमरेत वाकायचं, आणि डाळीचा डाव ताटाला टेकवायचा नाही. समोर कोण आहे याने वाढण्यात फरक पडता कामा नये. लंगरचा एक हेतूच उच्चनीच मोडण्याचा आहे. गुरू ग्रंथ साहिबांच्या जवळची, ताबियेची सेवा मात्र नवख्याने मागू नये, तिचे नियम वेगळे आहेत.

चौथं पाऊल: बोलण्याचं काम आणि हिशोबाचं काम

आता अवघड भाग. दोन-तीन महिन्यांनी मला वाटलं, झाडताना जमतं, भांडी घासताना जमतं, तर गिऱ्हाईक करतानाही जमवू. औषधं काढतानाही मनात 'वाहेगुरू' चालू ठेवायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी एका आजोबांना पंधरा गोळ्यांऐवजी दहा दिल्या आणि पैसे पंधराचे घेतले. ते दुसऱ्या दिवशी काठी टेकत परत आले. नशीब की संख्याच चुकली, गोळी नाही.

रविवारी ही गोष्ट मी लंगरमधल्या एका जुन्या सेवादारांना सांगितली. मला वाटलं होतं ते म्हणतील, चालायचंच, मन हळूहळू स्थिर होईल. ते चांगलेच चिडले. म्हणाले, "चिठ्ठी वाचताना चिठ्ठीच वाचायची. ती तुमची किरत आहे. आजारी माणसाचं औषध चुकवून कुठला जप करता?" मग शांत होऊन म्हणाले, "तुमच्याच नामदेवांचं पद वाचा. पतंगाचं."

ते पद रामकली रागात आहे, गुरू ग्रंथ साहिबाच्या 972व्या अंगावर. अंग म्हणजे पान, ग्रंथाला गुरू मानतात म्हणून पानाला अंग म्हणतात. पहिली ओळ अशी:

आनीले कागदु काटीले गूडी आकास मधे भरमीअले ॥
पंच जना सिउ बात बतऊआ चीतु सु डोरी राखीअले ॥

कागद आणला, कापून पतंग केला, आकाशात सोडला. पाच जणांशी गप्पा चालल्यात, पण चित्त दोरीवर आहे. पुढे आणखी तीन चित्रं येतात. पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेऊन मुली हसत-खिदळत चालल्या आहेत, चित्त घागरीवर. गाय पाच कोसांवर चरायला गेली आहे, चित्त वासरावर. आई बाळाला पाळण्यात निजवून घरातबाहेर कामात गुंतली आहे, चित्त बाळावर. आणि हे पदही त्रिलोचनांनाच ऐकवलेलं आहे. 'आनीले', 'काटीले' ही रूपं वाचताना मराठी कान लगेच टवकारतात.

मी ते पद अनेकदा ऐकलं होतं, कीर्तनात ताल धरला होता. पण चुकीचं धरलं होतं. पतंग उडवणारा पोरगा मित्रांशी बोलताना मनात 'दोरी, दोरी, दोरी' म्हणत नसतो. बोटाला ताण लागलेला असतो, एवढंच. दोरी सैल पडली की त्याला बोलता बोलताच कळतं. आई भाजी फोडणीला टाकताना बाळाचं नाव जपत नाही, पण पाळण्यातून जरा कुरकुर झाली की गॅस बारीक करून धावते. म्हणजे चारही चित्रांत शब्द नाहीत, ओढ आहे. शब्द ही ओढ तयार करण्यासाठी आहेत, पहाटे आणि झाडताना आणि भांड्यांपाशी. बोलण्याच्या आणि हिशोबाच्या कामात शब्द बाजूला ठेवायचे आणि ताण राहतो का ते बघायचं.

तेव्हापासून काउंटरवर मी असं करतो. चिठ्ठी हातात घेण्याआधी एक 'वाहेगुरू'. मग जप पूर्ण बंद. नाव वाचायचं, मात्रा वाचायची, पाकीट काढायचं, तारीख बघायची, गोळ्या मोजायच्या, पुन्हा एकदा चिठ्ठीशी ताडून बघायचं. पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात देताना पुन्हा एक. मधल्या दोन मिनिटांत नाम कुठे गेलं? दोरी आहे की सुटली, हे कळायची एक खूण आहे. गर्दीच्या वेळी एखादी बाई पाच रुपयांच्या पट्टीसाठी चार प्रश्न विचारते, तेव्हा माझा आवाज चढतो का? चढला तर दोरी कधीच हातातून सुटलेली असते, सकाळी कितीही वेळ बसलो असलो तरी. हेच गाडी चालवणाऱ्याला, शिलाई मशीनवर बसणाऱ्याला, शाळेत शिकवणाऱ्यालाही लागू आहे. जिथे डोळा आणि डोकं दोन्ही लागतं, तिथे कामाच्या दोन टोकांना नाम आणि मध्ये पूर्ण काम.

घागरीचं चित्र नांदेडकराला रोज दिसू शकतं. तख्त सचखंड हजूर साहिब या इथल्या मुख्य गुरुद्वाऱ्यात आजही गोदावरीचं पाणी पहाटेच्या अंधारात घागरीतून आणतात. आपल्या संताने वापरलेली उपमा आणि आपल्या नदीचं पाणी एकाच गावात असताना आम्ही नांदेडकर मात्र त्या वेळी झोपलेले असतो.

जिथे सेवा नासते

यावर जरा थांबतो, कारण नवखे सोडून जातात ते इथेच. सुरुवातीचा कंटाळा कारण नसतो, नंतर येणारा मानअपमान असतो.

दीड-दोन वर्षांनी मला परशाद्यांच्या तव्याशी जागा मिळाली. उलथनं हातात आलं. उन्हाळ्यात तिथे उभं राहणं म्हणजे भट्टीच, पण मला ते आवडायला लागलं. लोक 'आज तुम्ही आहात म्हणजे परशादे नरम' असं म्हणायचे. एका रविवारी मी पोहोचलो तर तव्यावर दुसरा मुलगा. मी बाजूला उभा राहून त्याच्या चुका मोजायला लागलो. तूप जास्त सोडतोय, उलटवायला उशीर करतोय. तोंडाने 'वाहेगुरू' चालूच होतं! त्याच जुन्या सेवादारांनी ते बघितलं असावं. काही न बोलता त्यांनी मला जोडाघरात पाठवलं. पुढचे तीन रविवार मी तिथेच होतो.

जोडाघराची खिडकी साधारण कमरेच्या उंचीवर असते. बाहेरून फक्त हात आणि चपला दिसतात, चेहरा बघायचा तर आपल्याला वाकावं लागतं. चिखलाने माखलेली सॅंडल, नव्या बुटांचा वास, लहान मुलाची दिवे लागणारी चप्पल. घ्यायची, फडक्याने पुसायची, क्रमांकाच्या खणात ठेवायची, टोकन द्यायचं. परशादे नरम आहेत असं इथे कोणी म्हणत नाही. चप्पल चांगली पुसलीत असंही नाही.

गुरू अमरदासांची एक ओळ मला तेव्हा कीर्तनात ऐकू आली, किंवा आधीही येत असेल, पण तेव्हा ती कानात शिरली: 'हउमै नावै नालि विरोधु है दुइ न वसहि इक ठाइ ॥' मीपणाचं नामाशी वैर आहे, दोन्ही एका जागी राहत नाहीत. आणि लगेच पुढची ओळ: 'हउमै विचि सेवा न होवई ता मनु बिरथा जाइ ॥' मीपणात सेवा होत नाही, मन वाया जातं. परंपरा सांगते की हेच अमरदास गुरू होण्याआधी उतारवयात गुरू अंगदांच्या स्नानासाठी रोज पहाटे बियास नदीवरून पाणी आणत. घागर इथेही आहेच.

या दोन ओळी एकत्र वाचल्या की सिमरन आणि सेवा शिखांमध्ये जोडीने का चालतात ते समजतं. नुसता जप करणाऱ्याला आपला मीपणा दिसत नाही, कारण डोळे मिटून बसलेल्याची जागा कोणी काढून घेत नाही. सेवेत ती रोज काढून घेतली जाते. उलट, नाम नसेल तर सेवा म्हणजे फुकटची मजुरी होते आणि माणूस मग मोबदला दुसरीकडे शोधतो: कौतुकात, फोटोत, 'आमच्या वेळी' या गोष्टींत.

म्हणून नवख्याने तीन खुणांकडे लक्ष ठेवावं. एक, आपल्याला ठरावीकच काम हवंसं वाटतं. दोन, शेजारचा कमी काम करतोय हे दिसायला लागतं. तीन, सेवेहून घरी परतल्यावर घरच्यांवर चिडचिड होते. तिसरी खूण सगळ्यात खरी, आणि ती आपल्याला नाही, घरच्यांना दिसते. माझ्या बायकोने एकदा विचारलं होतं, "गुरुद्वाऱ्यात एवढी भांडी घासता, मग इथला कप उचलायला हात दुखतो का?" यातली कुठलीही खूण दिसली की जिथे कोणी ओळखत नाही असं काम मागून घ्यावं. जोडाघर, झाडू, सुकत ठेवलेली ताटं रचणं.

रात्रीचं

संध्याकाळी रहिरास आणि झोपताना सोहिला, असा दिवस मिटतो. सोहिला लहान आहे, पाच पदांचा, सावकाश म्हटला तरी काही मिनिटांत होतो. नवख्याने पाठ येईपर्यंत नुसता ऐकला तरी चालेल. मी मात्र त्याआधी अंथरुणावर बसून एकच प्रश्न स्वतःला विचारतो: सकाळी जे काम ठरवलं होतं, त्यात किती वेळा परत आलो? किती वेळा सुटलो ते विचारत नाही, तो आकडा फार मोठा असतो.

एखादा दिवस पूर्ण चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं बसून भरपाई करू नका. दहाच मिनिटं बसा. साथीच्या दिवसांत माझे सलग आठ-दहा दिवस चुकले होते, दुकान रात्री बारापर्यंत उघडं असायचं. रविवारी गेलो तेव्हा शरमेने सांगितलं. भांड्यांपाशी त्याच सत्तरीच्या बाई होत्या. त्यांनी बाजूला सरकून जागा केली, साबणाचा हौद दाखवला आणि म्हणाल्या, "चल, ताटं साठलीत."